पातळ मलमलवर गाठ न मारता भरतकामाचा दोरा सुरू आणि बंद कसा करता?

रेवा_ठाणे
पांढऱ्या मलमलच्या कुर्त्यावर विखुरलेली बुट्टी भरायची आहे. एकेक बुट्टी जेमतेम सव्वा इंच उंच. देठ दांडी टाक्याचा, दोन भरीव पानं, वर पाच पाकळ्यांचं लेझी डेझीचं फूल आणि मधोमध गाठी टाके. देठ-पानं बाटली हिरवी, फूल मरून, दोन्ही दोन पदरी. अस्तर लावायचं नाही, नाहीतर मलमल घेऊन उपयोग काय!

आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर एक बुट्टी भरून पाहिली. सुलट बाजूने छान दिसते, पण खिडकीसमोर धरली की मागच्या गाठी काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात आणि कापलेल्या दोऱ्याच्या शेपट्या सावलीसारख्या. एक गाठ तर जरा ओढ बसल्यावर सरळ कापडातून वरच आली. बुट्ट्या एकमेकींपासून तीन-चार इंचांवर आहेत, म्हणजे प्रत्येकीला दोरा नव्याने सुरू करायचा आणि तिथेच संपवायचा. गाठीशिवाय हे कसं करता? धुण्यात टिकतं का?

मीनल_के
गाठ बारीक मार, एका पदराची. वर टाचणीच्या टोकाने फॅब्रिक ग्लूचा थेंब लाव आणि दोरा अगदी गाठीजवळ काप. मी मुलीच्या शाळेच्या सगळ्या वस्तूंवर असंच करते.

टवाळ_कार्टं
माझं भरतकाम सुलट बाजूनेही उलट दिसतं, त्यामुळे मला हा प्रश्न कधी पडलाच नाही.

अलकनंदा
@मीनल, जाड कापडावर चालेल गं, मलमलवर नको. ग्लूचा थेंब आरपार झिरपतो आणि तिथे कापड कडक, चकचकीत होतं. उजेडात गाठीपेक्षा तो डागच जास्त दिसतो. शिवाय मलमलची वीण इतकी विरळ असते की बारीक गाठ तर अजूनच सहज निसटेल. गाठ टिकवायला ती मोठी हवी आणि दिसू नये म्हणून लहान हवी, असा तो घोळ आहे.

सुनंदा_ओक
रेवा, तुझ्या बुट्टीत तीन जागा आहेत जिथे काही लपवता येतं: देठ, भरीव पानं आणि फुलाचा मधला भाग. पाकळ्यांच्या आत काहीच लपत नाही, लेझी डेझी पोकळ असते. तेव्हा दोरा कुठे सुरू होईल आणि कुठे संपेल हे सुई ओवायच्या आधी ठरवायचं. टाके नंतर.

हिरवा दोरा असा घे. देठाच्या खालच्या टोकापासून साधारण अर्धा इंच वर, देठाच्या रेघेवरच, सुई सुलट बाजूने खाली घाल. इंचभर शेपटी वरच राहू दे, गाठ नाही. आता रेघेवरूनच खालच्या टोकाकडे तीन अगदी बारीक धावदोरे घाल. प्रत्येकात कापडाचे दोन-तीन धागेच सुईवर यायला हवेत. शेवटचा टाका उलटा फिरवून आधीच्या टाक्याच्या दोन पदरांमधून काढ, म्हणजे दोरा स्वतःलाच अडकतो. मग देठाच्या टोकाशी सुई वर काढ आणि दांडी टाका घालत वर चढ. ते धावदोरे त्याच्याखाली गडप होतात. शेपटीपाशी पोचलीस की ती हलकेच ओढून कापडाला टेकवून काप, उरलेलं टोक आपोआप आत जातं.

धावदोरे रेघेच्या बाहेर केसभरही गेले तर देठाच्या कडेने हिरवं डोकावतं. त्यामुळे छाप बारीक हवी, पेन्सिलची जाड रेघ असेल तर अंदाज चुकतो.

रेवा_ठाणे
अरे वा, म्हणजे शेपटी वरच्या बाजूला! हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि दोरा संपवताना?

सुनंदा_ओक
देठ वरपर्यंत झाला की पानांकडे खाली यायचं. ते मागून मोकळी उडी मारून यायचं नाही. कापड उलटं केलंस तर दांडी टाक्याची मागची बाजू शिवणीच्या टिपेसारखी सरळ ओळ दिसेल. त्या टाक्यांखालून सुई सरकवत पानाच्या सांध्यापर्यंत ये. कापडाला सुई लागताच कामा नये, फक्त टाक्यांखालून. एक पान भर, सांध्याशी परत ये, दुसरं भर. मग पुन्हा देठाच्या मागून पाच-सहा टाक्यांखालून सुई ने, उलट फिरून शेवटच्या दोन टाक्यांखालून परत आण आणि काप. ते उलट फिरणं महत्त्वाचं आहे. एकाच दिशेने गेलेला दोरा धुताना त्याच दिशेने सरकत बाहेर येतो.

सुई सरकवताना नेढं पुढे करून सरकव. टोक पुढे असलं की ते हमखास सुलट बाजूच्या दोऱ्यात घुसतं आणि वरचा टाका फुगतो. बोथट सुई असेल तर उत्तमच.

विनय_पुणे
माझ्याकडे घरगुती एम्ब्रॉयडरी मशीन आहे. त्यात सुरुवातीला आणि शेवटी जागच्या जागी लॉक टाके घालायची सेटिंग असते, तरी खालच्या बाजूला बॉबिनच्या दोऱ्याचा गोळा होतो. पातळ कापडाला खाली पाण्यात विरघळणारं स्टॅबिलायझर लावून पाहिलं, थोडा फरक पडला. अजून कोणाला अनुभव?

अलकनंदा
@विनय, इथे हाताच्या भरतकामाचं चाललंय हो. तुमचा गोळा सुरुवातीलाच होत असेल तर पहिले दोन-चार टाके पडेपर्यंत वरचा आणि खालचा दोन्ही दोरे हातात धरून ठेवा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. बाकीसाठी वेगळा धागा काढा ना.

विनय_पुणे
काढतो. पण नेढं पुढे करायची युक्ती बटणं लावतानाही उपयोगी पडेल.

शर्वरी_डब्लिन
सुरुवातीसाठी मला फाशाची पद्धत सगळ्यात सोपी वाटते. दोन पदर भरायचे असतील तर लडीतून एकच पदर दुप्पट लांब काढायचा, दुमडायचा आणि दोन्ही सुटी टोकं एकत्र सुईत ओवायची. दुसऱ्या टोकाला आपोआप फासा तयार होतो. मागून सुई वर काढायची, फासा थोडा मागेच ठेवायचा, पहिला टाका घालून सुई परत मागे आली की ती फाशातून काढून ओढायची. ना गाठ, ना शेपटी. मागची बाजू एकदम सपाट.

मोगरा
शर्वरीला +१. मी तर सगळीकडे हेच वापरते.

सुनंदा_ओक
फासा चांगला आहे, मीही फुलासाठी तोच सांगणार होते. पण सगळीकडे नाही. एक तर तो समसंख्येच्या पदरांनाच चालतो. एक पदर किंवा तीन पदर भरायचे असतील तर विसरा. दुसरं म्हणजे दुमडल्यामुळे अर्धा दोरा उलट्या अंगाने जातो. लडीतल्या पदराला एक अंग असतं, एका दिशेने बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतो आणि दुसऱ्या दिशेने किंचित खरखरीत. लांब भरीव टाक्यांत त्याने चमक थोडी मंद होते आणि उलटा पदर लवकर पिंजतो. पाकळीच्या छोट्या टाक्याला काही फरक पडत नाही. छटा बदलत जाणारा दोरा असेल तर दुमडल्यावर दोन पदरांचे रंग जुळत नाहीत, तेही आहे.

आणि मलमलवर पहिला टाका एकाच धाग्यावर घेतलास तर फासा तो धागा ओढून भोक पाडतो. तीन धागे तरी सुईवर घे, आणि फासा ओढताना कापड सुरकुतलं की थांब.

धारवाडी_काकू
आमच्याकडे कसुतीत गाठ मारतच नाहीत. गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखी दिसायला हवी, मग गाठ ठेवणार कुठे? इरकलीच्या पदरावर भरताना सुरुवातीला दोऱ्याचं टोक मागे तसंच सोडायचं. गवंतीत आपण एकदा धावदोऱ्याने पुढे जातो आणि परत येताना मोकळ्या राहिलेल्या जागा भरतो. परत येताना ते टोक टाक्यांच्या मध्ये घेत यायचं, की ते आपोआप बसतं. छापही नसते, कापडाचे धागे मोजूनच भरायचं.

पण रेवाला हे जसंच्या तसं जमणार नाही, तिची रेघ परत येत नाही. इरकल मलमलपेक्षा दाटही असते. नुसतं सांगितलं, कारण हल्ली कसुतीच्या नावाखाली मागे गाठीच गाठी असलेल्या साड्या बघते आणि जीव जळतो.

टवाळ_कार्टं
काकू, म्हणजे साडी बघायला जाताना आधी उलट बाजू बघायची तर! दुकानदार आम्हाला बाहेर काढतील.

धारवाडी_काकू
काढू दे. चांगला दुकानदार स्वतःच उलटी करून दाखवतो.

कस्तुरी_
मला एक कळत नाही, मागचं दिसू नये असा अट्टहास का? लखनवी चिकनमध्ये बखियाचं सगळं सौंदर्य मागच्या दोऱ्याचंच असतं. उलट बाजूला दोरे आडवेतिडवे भरून मलमलमधून त्यांची सावली पाडायची, हेच तर काम. रेवाने पाकळ्या तशाच भराव्यात.

सुनंदा_ओक
बखियात सावली पडते ती पानाच्या, पाकळीच्या आकारात आणि बहुतेक पांढऱ्यावर पांढरी. इथली सावली म्हणजे मरून शेपटी आहे, वाटेल तिकडे पळणारी. सावली हवी तिथे असली की नक्षी होते. बाकी, रेवाने पाकळ्या उलट बाजूने भरल्या तर सुंदर दिसतील हे मान्य, पण ती वेगळीच बुट्टी होईल.

कस्तुरी_
वेगळी आणि जास्त सुंदर. मी माझं मत सोडत नाही. :)

प्राची_नाशिक
माझी वेगळीच अडचण आहे. भाच्यासाठी मलमलचं झबलं विकत घेतलं, मागे प्रत्येक फुलाला टपोरी गाठ आणि पाव इंचाची शेपटी. बाळाच्या पाठीला टोचतात. उसवून परत भरायची हिंमत नाही. गाठी कापून टाकू का?

सुनंदा_ओक
नुसत्या कापू नकोस, आठवडाभरात टाके सुटायला लागतील. गाठ कापायच्या आधी दोरा दुसरीकडे अडकायला हवा.

पाव इंचाची शेपटी सुईत ओवून टाके घालता येत नाहीत, कारण सुईच तिच्यापेक्षा लांब. म्हणून क्रम उलटा करायचा. आधी रिकामी सुई मागच्या टाक्यांखालून सरकवायची, अशी की नेढं गाठीच्या अगदी शेजारी येईल. मग गाठ अगदी टोकाला कापायची, शेपटीचं टोक नेढ्यात घालायचं आणि सुई पुढे ओढायची. शेपटी टाक्यांखाली ओढली जाते. टोक नेढ्यात जाण्याइतकंही लांब नसेल तर सुईत शिवणाचा बारीक दोरा दुहेरी ओव, म्हणजे नेढ्यातून छोटा फास बाहेर राहतो. त्या फासात शेपटी पकडून ओढायची.

इतकं करूनही पकड दोन-तीन टाक्यांचीच मिळते. त्यामुळे तिथे त्याच रंगाच्या एका पदराने, मागच्या मागे, दोन टाके शेपटीतून आरपार घालून ठेव. गाठी टाक्यांचं फूल असेल तर मात्र हे जमणार नाही. ते एकेक सुटं असतं आणि मागे सरकवायला टाकेच नसतात.

मोगरा
किंवा सरळ मागून पातळ मऊ मलमलचा तुकडा लावून टाक ना. बाळाला टोचणार नाही, काम संपलं.

प्राची_नाशिक
बाळाला लवकर घालायचंय, त्यामुळे मोगराचा उपाय आधी. सुनंदाताईंचा मोठ्या फुलांवर करून बघते. गाठी टाक्यांचंच एक फूल आहे, त्याचं काय करू ते सांगा.

सुनंदा_ओक
त्याच्या मागे अस्तराचा गोल तुकडाच लाव. सगळं सोडवत बसू नकोस.

रेवा_ठाणे
काल रात्री तुकड्यावर परत भरून पाहिलं. देठ-पानं अप्रतिम, मागून बघितलं तर दोरा कुठे सुरू झाला मलाच सापडेना! मरून फुलाशी मात्र अडले. फाशाने मध्यावर सुरू केलं, पाचही पाकळ्या झाल्या, मग मध्ये तीन गाठी टाके. आता दोरा संपवायला मागे जागाच दिसत नाही. आणि उजेडात धरलं तर प्रत्येक पाकळीच्या पोकळीत मरून रेघ दिसते. शेपटी नाही, गाठ नाही, मग ही कुठून आली?

सुनंदा_ओक
ती रेघ टाक्याचीच आहे. लेझी डेझीत मध्यातून निघून आपण मागच्या मागे पाकळीच्या टोकाशी जातो, तिथे फासा टाचतो आणि मागूनच पुन्हा मध्याकडे येतो. म्हणजे प्रत्येक पाकळीच्या मागे दोन दोरे लांबीभर पडलेले असतात. त्यांना इलाज नाही, तो त्या टाक्याचा स्वभावच आहे. दोनच गोष्टी करता येतात. पाकळ्या एका पदराने भरायच्या, सावली निम्मी होते, पण मग फासा चालणार नाही. नाहीतर पाकळीच्या पोकळीत सुलट बाजूने एक सरळ टाका घालायचा, मध्यापासून टोकाच्या अलीकडेपर्यंत. तो मागच्या रेघेच्या बरोबर वर बसतो आणि पाकळी भरीव दिसते. फिक्या गुलाबीत घातलास तर आणखी छान, मात्र तो फिका दोराही याच नियमाने सुरू आणि बंद करावा लागेल.

संपवायची जागा आहे, तुझ्या समोरच आहे. मध्याशी मागे पाचही पाकळ्यांचे दोरे एकत्र येतात. त्यांच्या बुडाशी सुई गोल फिरव, एकाआड एक दोऱ्याखालून, एक पूर्ण फेरा आणि वर थोडा. मग उलट दिशेने दोन दोऱ्यांखालून परत ये आणि काप. फेरा गाठी टाक्यांच्या घेराच्या आत राहायला हवा, बाहेर गेला तर पाकळ्यांच्या मुळाशी मरून वर्तुळ दिसेल. म्हणून तीन गाठी टाके बरे, एकाने तेवढं झाकलं जात नाही.

शर्वरी_डब्लिन
गोल फेरा! हे मी कधी केलं नव्हतं. मी तिथे एक अर्धी गाठ मारून मोकळी व्हायचे.

धारवाडी_काकू
अर्धी गाठ म्हणजे गाठच.

अलकनंदा
मरून आहे म्हणून सांगते, भरायच्या आधी दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या टिश्यूत दाबून बघ. रंग उतरत असेल तर मागची बाजू कितीही सपाट असली तरी पहिल्या धुण्यात फूल गुलाबी ढगात दिसेल.

मीनल_के
सगळं वाचलं, पटलंही. पण गाठ नाही म्हणजे वॉशिंग मशीनमध्ये नक्की टिकतं? मला अजून शंका आहे.

सुनंदा_ओक
सुती दोरा सुती कापडावर धरून राहतो, धुतल्यावर दोन्ही थोडे आवळतात. रेयॉन किंवा रेशमी दोरा गुळगुळीत, तो सरकतो. त्याला टाक्यांखालून दुप्पट अंतर न्यावं लागतं आणि एकदा तरी मागच्या टाक्याच्या पोटातून आरपार काढावं लागतं. मलमल मात्र मी मशीनमध्ये टाकत नाही.

मोगरा
मी टाकते, जाळीच्या पिशवीत घालून. फाशाने सुरू केलेलं एकही सुटलं नाही. शेवट मात्र दोन ठिकाणी सुटलाय, तेव्हा मीनलची शंका अगदीच निराधार नाही. उलट फिरायचं मला माहीत नव्हतं, त्यामुळे असेल किंवा मशीनमुळे.

रेवा_ठाणे
टिश्यूवर मरून उतरला! म्हणजे तो दोरा बाद, दुसरा आणते. आता शेवटचा प्रश्न. गळ्याजवळ दोन बुट्ट्या अगदी शेजारी आहेत, मध्ये अर्धा इंच. तिथे तरी हिरवा दोरा मागून नेला तर चालेल का? दोन वेळा सुरू-बंद करायचा कंटाळा येतोय.

शर्वरी_डब्लिन
अर्धा इंच तर काहीच नाही. ने बिनधास्त.

सुनंदा_ओक
बाटली हिरवा, पांढऱ्या मलमलवर, तोही गळ्याशी? पाव इंचसुद्धा नको. पांढरा दोरा असता तर मीच म्हटलं असतं ने म्हणून. शिवाय मोकळा दोरा ताणला जातो आणि दोन बुट्ट्यांच्या मध्ये कापडाला चुणी पडते.

कस्तुरी_
मध्ये एक छोटी वेल काढ आणि तिच्याखालून ने!

रेवा_ठाणे
कस्तुरी, ही वेल मला आवडली. आज छापून बघते. पण दुसऱ्या बाजूच्या गळ्यालाही काढावी लागणार ना?